उत्तरसूची उघडण्याआधी: विहिरीतल्या दगडाच्या गणितावर तीन पडताळे

प्रश्न: मी नागपूरला घरीच राहून अकरावीच्या फिजिक्सचा अभ्यास करतोय, क्लास लावलेला नाही. गणित सुटतं, पण बरोबर सुटलं का ते कळत नाही, म्हणून लगेच मागची उत्तरं उघडतो. कुणाला न विचारता स्वतःचं उत्तर प्रामाणिकपणे कसं तपासायचं?

उत्तर:

एकच गणित घेऊ आणि त्याला पुरतं पिळून काढू. काठावरून विहिरीत दगड सोडला. सोडल्यापासून ३ सेकंदांनी 'डुबुक' ऐकू आलं. पाणी किती खाली आहे? g = ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, ध्वनीचा वेग ३४० मीटर प्रति सेकंद. काटोलकडच्या एखाद्या संत्र्याच्या बागेतली विहीर समजा. हवेचा अडथळा सोडून देऊ.

पहिला पडताळा गणित सोडवायच्या आधीचा आहे, आणि बहुतेक जण तोच गाळतात. वहीच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा की उत्तर कशापेक्षा जास्त असू शकत नाही आणि कशापेक्षा कमी असू शकत नाही. पेनाने अशासाठी, की नंतर ते खोडून उत्तराला जुळतं करता येऊ नये.

हा अंदाज सूत्राशिवाय काढा. दगडाचा वेग दर सेकंदाला साधारण १० मीटर प्रति सेकंदाने वाढतो. पहिल्या सेकंदात तो शून्यापासून १० पर्यंत जातो, म्हणजे सरासरी ५, म्हणून ५ मीटर पडतो. दुसऱ्या सेकंदात सरासरी १५, तिसऱ्यात २५. एकूण ४५ मीटर. १० ऐवजी ९.८ धरलं तर ४४.१. पण आवाजाला वर यायलाही थोडा वेळ लागतोच, म्हणजे दगड पुरते ३ सेकंद पडलेलाच नाही. म्हणून खोली ४४.१ मीटरपेक्षा कमीच असणार.

आता खालची बाजू. खोली ४४.१ पेक्षा कमी, म्हणजे आवाजाला लागलेला वेळ ४४.१ भागिले ३४०, म्हणजे ०.१३ सेकंदापेक्षा जास्त नाही. मग दगड निदान २.८७ सेकंद तरी पडलाच. तेवढ्या वेळात तो ४०.३६ मीटर जातो. झालं, उत्तर ४०.३६ आणि ४४.१ यांच्या मध्ये सापडलं पाहिजे. अजून वर्गसमीकरणाला हातही लावलेला नाही. हीच युक्ती आणखी एकदा केली (४०.३६ मीटरला आवाज कमीत कमी किती वेळ घेईल, मग दगड जास्तीत जास्त किती वेळ पडेल) तर वरची मर्यादा ४०.७ वर येते. इतकं करायची रोज गरज नाही, पण जमतं हे माहीत असू द्या.

आता गणित मांडा, आणि आकडे शेवटपर्यंत घालू नका. T म्हणजे एकूण वेळ, h म्हणजे खोली, v म्हणजे ध्वनीचा वेग.

```
T = √(2h/g) + h/v
```

इथे दुसरा पडताळा, मितींचा. h/v म्हणजे मीटर भागिले मीटर प्रति सेकंद, उरतो सेकंद. 2h/g म्हणजे मीटर भागिले मीटर प्रति सेकंद वर्ग, उरतो सेकंदाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ पुन्हा सेकंद. डावीकडेही सेकंद. घाईत h/v ऐवजी v/h लिहिलं गेलं असतं तर तिथे 'एक भागिले सेकंद' निघालं असतं, आणि सेकंदात ते मिळवताच येत नाही. चूक जागच्या जागी पकडली गेली. पण हे अक्षरं शिल्लक असतील तरच. पहिल्याच ओळीत ३४० आणि ९.८ घातले की कुठला आकडा वेग आहे नि कुठला त्वरण, हे पान बघून कळत नाही आणि हा पडताळा हातचा जातो.

पडायला लागलेला वेळ t धरला तर खोली ½gt², आणि तीच v(T − t). दोन्ही सारखे धरून सोडवलं की:

```
t = (−v ± √(v² + 2gvT)) / g
```

मुळाच्या आत बघा: v² हा वेगाचा वर्ग आहे. gvT मध्ये त्वरण गुणिले वेळ म्हणजे वेग, गुणिले आणखी एक वेग, म्हणजे तोही वेगाचा वर्ग. जमलं. वर्गमूळ म्हणजे वेग, त्याला त्वरणाने भागलं की वेळ. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सोडवताना v चा वर्ग लिहायचा राहिला असता तर इथे उघडा पडला असता.

आकडे घाला: t = २.८८ सेकंद, h = ४०.६५ मीटर. कोपऱ्यातल्या मर्यादांमध्ये बसतं.

तिसरा पडताळा म्हणजे उत्तर परत घालून बघणं. कुठे घालायचं, यावर सगळं अवलंबून आहे. शेवटच्या ओळीत नाही, मधल्या वर्गसमीकरणात नाही, तर प्रश्नाच्या वाक्यात घालायचं. ४०.६५ मीटर पडायला √(८१.३ ÷ ९.८) = २.८८०३ सेकंद. तेवढंच वर यायला आवाजाला ४०.६५ ÷ ३४० = ०.११९६ सेकंद. बेरीज २.९९९९. प्रश्नात ३ आहे. ही बेरीज वेगळ्या ओळीत काढा आणि ३ शी तुलना सर्वांत शेवटी करा. सुरुवातीलाच '= ३' लिहून हिशेब केला की हात नकळत आकडा ३ कडे ओढतो.

वजा चिन्ह घेतलं तर t = −७२.२७ येतं आणि h = २५,५९१ मीटर. ही 'खोली' वर्गसमीकरणात घाला, अगदी चपखल बसते! कारण वर्ग केल्यावर −७२.२७ आणि +७२.२७ मधला फरक पुसला जातो. मूळ वाक्यात घाला: पडायला ७२.२७, आवाजाला ७५.२७, बेरीज १४७.५४ सेकंद. ३ नाही. (दोघांची वजाबाकी मात्र बरोबर ३ येते, तिथेच या खोट्या मुळाचं बिंग आहे.) ज्या गणितात तुम्ही कुठेही दोन्ही बाजूंचा वर्ग केला, तिथे मधल्या समीकरणात घातलेला पडताळा फुकट गेला असं समजा.

आता कुठला पडताळा कशाला आंधळा आहे तेही बघू, कारण प्रामाणिकपणाचा प्रश्न खरा इथे आहे.

समजा ½ विसरला आणि खोली gt² धरली. उत्तर ७५.६ मीटर येतं. मिती तक्रार करत नाहीत, ½ ला एककच नाही. परत घालून बघितलं तरी तुम्ही तेच चुकीचं सूत्र वापरता, √(७५.६ ÷ ९.८) = २.७८, अधिक ०.२२, बेरीज बरोबर ३! दोन पडताळे पास, उत्तर साफ चूक. पकडतो तो फक्त कोपऱ्यातला अंदाज, आणि तोही सूत्राशिवाय, वेग सेकंदागणिक वाढवत काढला होता म्हणून. gt² वापरूनच अंदाज काढला असता तर तोही ८८ च्या घरात गेला असता आणि ७५.६ बघून तुम्ही खूश झाला असता. एकाच चुकीच्या सूत्रातून तीनदा गेलं तर तपासणी एकदाही होत नाही.

दुसरी चूक: आवाजाचा वेळ वजा करायचा तिथे मिळवला, t = T + h/v. उत्तर ४८.४ मीटर. मिती ठीक. 'चाळीस-पन्नासच्या आसपास असेल' असा ढोबळ अंदाज असता तर हेही खपलं असतं. '४४.१ पेक्षा कमीच' असं लिहिलं होतं म्हणून अडलं. अंदाजात आकड्यापेक्षा बाजू महत्त्वाची, असं माझं मत. खरं उत्तर या आकड्याच्या वर की खाली, आणि का, एवढं एक वाक्य लिहाच.

तिसरी: प्रश्नात ध्वनीचा वेग १२२४ किलोमीटर प्रति तास दिला (म्हणजे ३४०च) आणि तुम्ही थेट १२२४ घातला. उत्तर ४३.१. अंदाजातही १२२४ च वापरला असेल तर तिन्ही पडताळे मान डोलावतील. इथे अक्षरांच्या मितीही काही बोलत नाहीत, कारण ताशी किलोमीटर हाही वेगच. उपाय एकच: आकडा घालताना त्याच्या शेजारी एकक लिहायचं. '४३ मीटर ÷ १२२४ किमी/तास' असं कागदावर दिसलं की डोळ्याला टोचतं.

परत घातल्यावर बेरीज नेमकी ३ आली नाही तर? समजा तुम्ही उत्तर ४१ लिहिलं. बेरीज ३.०१३ येते. ही चूक की पूर्णांकनाचा फरक, हे मनाने ठरवू नका. ४० मीटर आणि ४१ मीटर दोन्ही घालून बघा: वेळ २.९७५ आणि ३.०१३. म्हणजे एका मीटरला सुमारे ०.०४ सेकंद. ४०.६५ चे ४१ केले, तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त, फरक ०.०१३. हिशेब लागला. फरक ०.१ आला असता तर तो पूर्णांकनाच्या माथी मारता आला नसता.

हाच आकडा उलटा वाचला तर खऱ्या विहिरीबद्दलही कळतं. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर ०.१ सेकंद इकडेतिकडे झाला तर खोलीत अडीच मीटरचा फरक. मेमधल्या आपल्या ४५ अंशांत ध्वनीचा वेग ३४० नाही, सुमारे ३५८ असतो. त्याने मात्र फक्त १६ सेंटिमीटर बदलतात. म्हणजे काळजी बोटाची करा, उन्हाची नको. आणि प्रत्यक्ष मोजमापात '४०.६५' लिहायचं नाही, '४० मीटरच्या आसपास' पुरे.

एवढं झाल्यावर उत्तरसूची उघडा. तिथे ४१.४ दिसलं तर लगेच खोडाखोड नको. आधी g = १० घालून बघा: ४१.४ च येतं. उत्तर दोघांचंही बरोबर, स्थिरांक वेगळा. सूचीत ४४.१ असेल तर त्यांनी आवाजाचा वेळच धरलेला नाही.

उरतात त्या चुका ज्या यातलं काहीच पकडत नाही: प्रश्नच चुकीचा वाचला. '३ सेकंदांनी पाणी उडालेलं दिसलं' असं लिहिलं असेल तर आवाजाचा संबंधच नाही, आणि तुमचं ४०.६५ स्वतःशी कितीही जुळलं तरी चूक. अशा वेळी माणसाला विचारावं. पण जाताना फक्त 'उत्तर बरोबर आहे का?' असं विचारू नका. प्रश्नाचं वाक्य जसंच्या तसं, तुमच्या मर्यादा, अक्षरांतलं समीकरण आणि परत घातल्यावर आलेली बेरीज, एवढं एका पानावर न्या आणि विचारा, 'मांडणीत मी हे वाक्य बरोबर वाचलं का?'