ऑगस्टमध्ये आंबोलीच्या जंगलात जायचंय, जळवा आणि काटे दोन्ही आहेत म्हणे, कोणती पँट घ्यावी? गेटर्स घेतले की काम भागेल का?

नुसत्या गेटर्सने जळवा थांबत नाहीत, हे आधी सांगतो, कारण बरेच जण तेवढ्यावरच पैसे घालवतात. जळू खालनं येते, ओल्या पाचोळ्यातनं बुटावर चढते आणि फट शोधत वर सरकते. गेटर म्हणजे नडगीवरचं कापडी वेष्टण, बुटाच्या वरनं बसतो, खाली पट्टा आणि पुढे हुक, म्हणजे कडेने फट राहतेच, तिथनं ती आत शिरून मोज्यापर्यंत पोचते आणि साध्या विणलेल्या मोज्यातनं तर आरपार जाते. जळवांसाठी लागतात लीच सॉक्स, घट्ट विणीच्या जाड कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे, वर नाडी असलेले. मिळाले नाहीत तर टेलरकडून जाड सुती ड्रिलचे शिवून घ्या, शिवण मात्र बारीक टाक्यांची हवी.

घालायचा क्रम असा: आधी पातळ मोजा, मग पँट, पँटचा खालचा भाग पायाला गुंडाळून त्याच्यावरनं लीच सॉक्स, गुडघ्याखाली नाडी घट्ट, आणि शेवटी बूट. आता जळू बाहेरच्या बाहेर चढते, म्हणून रंग फिका घ्या, खाकी किंवा राखाडी, काळ्या कापडावर ती दिसतच नाही. थांबाल तेव्हा एकमेकांचे पाय बघायचे, मागची बाजू विशेष.

पँट नायलॉनची, उभ्या-आडव्या धाग्यांच्या घट्ट विणीची, थोडा स्ट्रेच असलेली. पॉलिस्टर किंचित लवकर वाळतं पण घासण्याला नायलॉन जास्त टिकतं, आणि करवंदीच्या जाळीतनं जाताना तेच महत्त्वाचं. ट्रॅकपँट आणि लेगिंग्ज स्वेटरसारख्या फाशांनी विणलेल्या असतात, काट्यात धागा अडकला की ओढत जातो, शिवाय अंगाला चिकटलेल्या लेगिंगमधनं जळू चावू शकते. दुकानात कापड उजेडासमोर धरा, भोकं दिसली तर सोडून द्या, नखाने ओरखडा काढून धागा सुटतो का बघा, आणि उकिडवं बसून बघा, मांडीत ताणली तर चढणीवर शिवण उसवणार. घरी भिजवून, पिळून पंख्याखाली टाका, दोन तासांत अंगावर घालण्याइतकी वाळली नाही तर पावसात काही उपयोग नाही. जीन्स अजिबात नको, पाणी पिऊन जड होते आणि मांड्या सोलते. रेनपँटही नको, आत घामाने भिजायला होतंच, वर काट्याने फाटते.

मग गेटर्स कशाला? काट्यांसाठी आणि चिखलासाठी, लीच सॉक्सच्या वरनं. वाट झाडोऱ्यातनं जात असेल तरच घ्या, मोकळ्या पठारावर पाय उगाच तापतात.

तंबाखूचं पाणी किंवा मीठ सॉक्सला लावतात लोक, चालतं, पण जोराच्या पावसात धुवून जातं, परत लावावं लागतं. चिकटलेल्या जळवेवर मीठ टाकू नका, ती पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोकाकडचं तोंड नखाने आडवं सरकवून सोडवा, मग दुसरं टोक. रक्त बराच वेळ वाहतं कारण तिच्या लाळेत ते गोठू न देणारं द्रव्य असतं, जखम धुवून कापसाने दाबून धरा.