तोंडात धरून बसतो, गिळत नाही

ताई, माझा मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा आहे. दूध, दुधात भिजवलेलं बिस्किट, मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी, दही आणि कुरमुरे, एवढंच खातो. केळं आणि इडली आधी खायचा, तीही सोडली. पोळीचा तुकडा गालात धरून बसतो आणि अर्ध्या तासाने थुंकतो, नाहीतर उमासे येतात. मोबाईल लावून एकेक जेवण दीड तास चालतं. २५० मिलीच्या चार बाटल्या दूध पितो, त्यावरच जगतोय. वजन नऊ महिन्यांचा असताना ८.७ किलो होतं, दीड वर्षाला ९.८ आणि आता १०.४. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही असेच होते. कधीकधी त्या हात धरून भरवतात. डॉक्टर म्हणाले, मोठा झाला की खाईल. हे नखरे आहेत की आजार? जूनपासून प्लेग्रुप आहे, डब्यात काय देऊ?
– एक आई, ऐरोली

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना फक्त पदार्थ बघितले. तो जे पाच पदार्थ खातो, त्यातला एकही चावावा लागत नाही. कुरमुरा कुरकुरीत वाटतो खरा, पण लाळ लागली की तोंडातच विरतो. केळं आणि इडली तशी मऊच, तरी त्यांचा घास जिभेने फिरवून, चेपून, गोळा करून मागे न्यावा लागतो. आणि सोडली ती नेमकी तीच दोन. नखरेल मूल बहुधा चवीवरून आणि मूडवरून नाही म्हणतं. आज भेंडी नको, चार दिवसांनी शेजारणीच्या ताटातली खाईल. तुमच्या मुलाने मात्र जे तोंडात सांभाळता येत नाही तेवढंच वगळलेलं दिसतंय. माझा अंदाज, आणि तो पत्रावरून केलेला अंदाजच आहे, की त्याला चावणं नीट जमत नाही.

चावणं उपजत येतं असा आपला समज असतो, पण ते शिकावं लागतं. दूध ओढताना बाळाची जीभ पुढे-मागे हलते. सहा महिन्यांनंतर कुस्करलेलं, मग कण असलेलं, मग बोटाएवढे मऊ तुकडे असं मिळत गेलं की जीभ बाजूला वळायला शिकते आणि घास हिरडीखाली, पुढे दाढेखाली ढकलते. नऊ-दहा महिन्यांपर्यंत कण असलेलं अन्न मिळालंच नाही तर पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त दिसतात. तुमच्याकडे मिक्सर अजून चालू आहे. घशात अडकेल या भीतीने अनेक घरांत असंच होतं, त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका. शिवाय मिक्सर हे कारण नसून परिणामही असू शकतो. टॉन्सिल वाढलेले असतील, ॲसिड वर येऊन घसा जळत असेल, रात्रीच्या बाटलीने दात किडले असतील, तरी मूल घट्ट घास टाळतं आणि मग आई पुन्हा मिक्सरकडे वळते.

घरी एक गोष्ट बघा. तो ताठ बसलेला आणि भुकेला असताना, बोटाने सहज चेपेल इतका शिजलेला भोपळा किंवा बटाटा करंगळीएवढ्या लांब फोडीत कापा आणि तिचं टोक त्याच्या दाढेपाशी, बाजूला धरा. तोंड उघडलं नाही तर तिथेच थांबा. चावलं तर जिभेकडे लक्ष द्या. जीभ त्या बाजूला वळते का, की घास टाळूला लावून चोखतो? जबडा नुसता वर-खाली होतो, की थोडा गोल फिरतो? दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांची जीभ घासाच्या मागे वळते आणि गोल चावणं निदान सुरू झालेलं असतं. याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात गेल्यावर मुलं तोंडच उघडत नाहीत. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर यांनी हा प्रयोग अजिबात करू नका.

आता वजन. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात १०.४ किलो अजून हिरव्या पट्ट्यातच येतं, आणि डॉक्टर निर्धास्त राहिले ते बहुधा त्यामुळेच. पण पट्टा बघायचा तशी रेघ कुठे चालली आहे तेही बघायचं. नऊ महिन्यांचा असताना तो त्या वयाच्या मुलग्यांच्या मधल्या रेघेला, ८.९ किलोला, जवळजवळ टेकलेला होता. दीड वर्षाला मधली रेघ १०.९ वर होती आणि तो ९.८ वर. आज ती १२.९ च्या आसपास आहे, आणि हिरवा पट्टा जिथे संपतो ते १०.२ त्याच्यापासून जेमतेम दोनशे ग्रॅम दूर आहे. दहा महिन्यांत साधारण दोन किलो वाढायला हवे होते, वाढले सहाशे ग्रॅम. वर्षानंतर मुलांची भूक मंदावते हे खरं आहे, कारण पहिल्या वर्षासारखी वाढ पुन्हा होत नाही. माझी धाकटी तीन महिने फक्त दहीभातावर होती आणि मी रोज रडकुंडीला यायचे. तिचं वजन मात्र आपल्या रेघेवर चालत होतं, आणि सोडलेले पदार्थ एकेक करून परत आले. तुमच्याकडे यातलं काहीच होत नाहीये.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: थांबून बघण्याची वेळ गेली, तपासणी हवी. २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने लहान मुलांच्या ‘फीडिंग डिसऑर्डर’ची व्याख्या ठरवली. वयाला साजेसं खाणं दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ होत नसेल, आणि त्यासोबत शारीरिक आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य आणि घरातलं जेवणाचं वातावरण या चारांपैकी एका जरी बाजूला अडचण असेल, तर तो फीडिंग डिसऑर्डर. तुमच्या पत्रात शेवटच्या तिन्ही बाजू दिसतात. पहिली डॉक्टरांनी तपासायची आहे.

दुधाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दुधावरच जगतोय असं तुम्ही म्हणता. या वयाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. एक लिटर दुधातून सहाशेच्या वर मिळतात, मग जेवायला भूक उरणार कुठून? दुधात लोह मात्र जवळजवळ नसतं. दिवसाची गरज आठेक मिलिग्रॅमची, लिटरभर दुधात एकसुद्धा धड मिळत नाही. लोह कमी पडलं की भूक आणखी मरते, आणि भूक नाही म्हणून दूध आणखी वाढतं. जास्त दुधाने शौचही घट्ट होते आणि पोट भरल्यासारखं राहतं. पण आज रात्रीपासून बाटली बंद, असं करू नका. वजन असं असताना दूध झटकन काढलं तर तो उपाशीच राहील. डॉक्टरांशी बोलून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ४०० ते ५०० मिलीपर्यंत आणा, जेवणाआधी न देता नंतर द्या आणि बाटलीतून कपावर या. कपातून प्यायला जिभेला वेगळं वळण लागतं, ते पुढे कामाला येतं.

आधी बालरोगतज्ज्ञ. तुमचे डॉक्टर पुन्हा ‘खाईल’ म्हणाले तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात बालरोग ओपीडी आहे. जाताना कार्ड, तो व्हिडिओ आणि तीन दिवसांची वही न्या. वहीत काय, किती, किती वाजता आणि किती वेळ लागला एवढं लिहा, दूध मिलीत. हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तपासायला सांगा. दोन वर्षांनंतर हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. टॉन्सिल, दात, बद्धकोष्ठता बघून झाली की खाण्या-गिळण्याचं काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे चिठ्ठी मागा. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलण्याचे असतात असं वाटून बरेच पालक परत फिरतात, पण जीभ, ओठ, जबडा हीच त्यांची हत्यारं. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात वाक् व श्रवण विभाग आहे. खाजगीत जायचं असेल तर फोनवरच विचारा की लहान मुलांच्या फीडिंगचं काम करता का. सगळे करत नाहीत.

एक गोष्ट पत्रात नाही. तो दोन शब्द जोडून बोलतो का, हाक मारली की बघतो का, हवं ते बोट दाखवून मागतो का, हाताला चिकट लागलेलं चालतं का? यातली बरीच उत्तरं ‘नाही’ असतील तर डॉक्टरांना तेही सांगा. मग विकासाची तपासणी आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टही लागतील, कारण ऑटिझममध्ये अन्नाची अशी निवड खूप दिसते. पाणी किंवा दूध पिताना खोकला येणं, जेवणानंतर आवाज घरघरणं, पुन्हापुन्हा न्यूमोनिया होणं, हे दिसलं तर ओपीडीच्या रांगेची वाट बघू नका. आणि दूधही सोडून लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दाखवा.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत खिचडी मिक्सरमधूनच द्या, तिच्यात गुपचूप कण मिसळू नका. पातळ घासात अचानक गाठ लागणं अशा मुलाला सगळ्यात कठीण जातं, आणि विश्वासातला पदार्थ दगा देतो असं वाटलं तर तो पाचाचे चार करील. वेगळ्या वाटीत दोन चमचे खिचडी काट्याने चेपून शेजारी ठेवा. हात लावला, वास घेतला, टाकली, सगळं चालेल. जेवण अर्ध्या तासात आटपा आणि दोन जेवणांत अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही नको. मोबाईल समोर असला की तोंडात काय चाललंय याकडे त्याचं लक्षच नसतं, तेव्हा तो दिवसाच्या एका जेवणापासून काढायला लागा. मेडिकलमधून भुकेचं सिरप आणू नका. त्यातल्या बऱ्याचशा सिरपांत सायप्रोहेप्टाडिन असतं, त्याने झोप येते, चावायला काही येत नाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नव्या अन्नाला बिचकणं घराण्यात येतं. त्यांना विचारा, याच्या बाबांचं वजन थांबलं होतं का, आणि ते घास गालात धरून बसायचे का? हात धरून भरवणं मात्र आजच थांबायला हवं. रडताना घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि चमचा दिसला तरी उमासे यायला लागतात. तुमचं ऐकत नसतील तर त्यांना ओपीडीत सोबत न्या. डॉक्टरांनी सांगितलेलं पटेल.

डब्यात जूनमध्ये त्याचे कुरमुरे आणि एका छोट्या डबीत दही द्या, बाकी काही नको. प्लेग्रुपच्या टीचरना लिहून द्या की भरवू नका, दुसऱ्याच्या डब्यातलं तोंडात घालू नका, आणि तो खात असताना समोर बसा. दाणे घातलेला चिवडा आणि राजगिऱ्याची चिक्की अजून वर्ष-दोन वर्षं तरी नको.

– ताई