कालचे डबेसोबती, आजची टीम: कोणती म्हण वापरावी?

प्रश्न: «गेल्या महिन्यात मला टीम लीड केलं. हिंजवडीत ज्या सहा जणांबरोबर तीन वर्षं डबा खाल्ला, ते आता माझ्या हाताखाली आहेत. सोमवारच्या पहिल्या मीटिंगमध्ये नम्रता आणि समान वागणूक सांगणारी एखादी म्हण वापरायची आहे. 'लहानपण देगा देवा' कशी वाटेल?»

ती नका वापरू. ओळ सोन्यासारखी आहे, पण तुम्ही आज जिथे बसला आहात तिथून ती शोभत नाही. तुकोबांची पुढची ओळ बघा: 'ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार'. मुंगीला साखरेचा रवा मिळतो, ऐरावताच्या नशिबी अंकुश येतो, तेव्हा देवा, मला मोठेपण देऊच नकोस, अशी ती मागणी आहे. तुम्ही तर मोठेपण नुकतंच सही करून घेतलंय. टपरीवर चहा घेताना कुणीतरी म्हणणारच, 'ऐरावत झाली आणि साखरही हिलाच!' (आणि अनेकांना वाटतं तसा इथे 'लहानपण'चा अर्थ बालपण नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात ही ओळ ऐकली की मी उगाच चुळबुळतो.)

'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती' हीसुद्धा बाजूला ठेवा. ती 'नीचपण बरवे देवा' या वेगळ्या अभंगातली, आणि गाथेत शब्द 'राहाती' असा आहे. पुरापुढे वाकून कसं टिकावं ते ती सांगते. तुमच्या वरिष्ठांसमोर ती कामाला येईल. टीमच्या दृष्टीने मात्र पूर आता तुम्हीच.

नम्रतेसाठी मी 'उंटावरून शेळ्या हाकणे' घेईन, अर्थात नकारात: 'मी उंटावरून शेळ्या हाकणार नाही.' यात स्वतःला लहान म्हणवून घेण्याचा आव नाही. उंट मिळालाय हे मान्य आहे, पण त्यावर बसून काम करणार नाही, एवढंच. शेळ्या राखणारा कळपाबरोबर चालतो, म्हणून कुठली लंगडतेय ते त्याला दिसतं. उंटावरून फक्त पाठी दिसतात. 'उंटावरचा शहाणा' मात्र निराळा. त्याची गोष्ट अशी सांगतात, की रेडकाचं डोकं मडक्यात अडकलं, हे महाशय सल्ला द्यायला आले, त्यांचा उंट आत यावा म्हणून लोकांनी आधी भिंत पाडली आणि मग त्यांच्या सांगण्यावरून रेडकाची मानही कापली. पहिला काम टाळतो, दुसरा न कळणाऱ्या कामात अक्कल पाजळतो. तुम्ही तीन वर्षं तेच काम केलंय, त्यामुळे तुम्हाला धोका पहिल्याचा.

समान वागणुकीसाठी मात्र मराठीत एकच शब्द पुरेसा आहे: पंक्तिप्रपंच.

पंगत डोळ्यांसमोर आणा. पानं ओळीने मांडलेली, वाढपी जिलबीचं ताट घेऊन येतो. सगळ्यांना दोन-दोन, आणि ओळखीच्या पाहुण्यापाशी आल्यावर हात जरा रेंगाळतो, तिथे चार पडतात. हा पंक्तिप्रपंच. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसा, असं गमतीने म्हणतात ते यावरूनच. शेजारचा तोंडाने काही बोलत नाही. पण पान शेजारीच असतं, त्याला दिसतं. तुमची अडचण नेमकी हीच आहे. बाहेरून आलेल्या मॅनेजरचं कुणाशी गूळपीठ आहे हे कळायला लोकांना वेळ लागतो, तुमचं त्या सहाही जणांना आधीपासून ठाऊक आहे.

माझंच सांगतो. पहिल्यांदा माणसं सांभाळायला मिळाली तेव्हा गणपतीच्या रजा आल्या. आम्ही सात जण, एका दिवशी फार तर दोघांना सोडता येत होतं, आणि चौघांना गौरीजेवणाचाच दिवस हवा होता. रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून येणाऱ्या मित्राला मी वाटेतच, कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला, 'तुझं झालं समज' म्हणून टाकलं. रजेचा तक्ता लावला तेव्हा एक ज्येष्ठ बाई तो वाचून शांतपणे म्हणाल्या, 'म्हणजे पंगत बसायच्या आधीच एका पानात जिलबी पडली होती तर!' पुढच्या वर्षी मी तक्ता आधी लावला. मागच्या खेपेला सणाच्या दिवशी जे कामावर होते त्यांची नावं वर. मित्र सर्वांत खाली गेला आणि चार दिवस बसने आला.

आता यातली मेख. पंक्तिप्रपंच नको म्हणजे सगळ्यांना मोजून सारखंच वाढायचं, असं नाही. लहान मुलाच्या पानात एक जिलबी आणि पैलवानाच्या पानात सहा, याला कुणी प्रपंच म्हणत नाही. फरक भुकेचा असला तर चालतो, ओळखीचा असला की खटकतो. कामाच्या वाटपासाठी तुकोबांचीच ओळ आहे: 'अधिकार तैसा करू उपदेश, साहे ओझे त्यास तेचि द्यावे'. ऑफिसात ही ओळ सर्रास उलटी वापरतात: माझा अधिकार आहे म्हणून मी उपदेश करतो! इथे 'अधिकार' ऐकणाऱ्याचा आहे. ज्याची जेवढी पात्रता, त्याला तेवढं सांगावं, पेलेल तेवढंच ओझं द्यावं. लगेच पुढे मुंगीवर हत्तीचं पालाण घालून कुठलं काम तडीस जाणार, असा सवाल आहे. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या पोराला आणि दहा वर्षांच्या जुन्या माणसाला सारखीच तिकिटं वाटणं समान दिसतं, पण ते पालाणच.

उलटा दोषही असतो. पक्षपाताचा आरोप नको म्हणून नवे साहेब जवळच्या मित्रालाच सगळ्यांदेखत झापतात. याला 'लेकी बोले सुने लागे' म्हणावं. घरात ते खपून जातं. ऑफिसात लेक दुखावते आणि सुनेला नाटक कळतं.

'रामशास्त्री बाणा' हा पुणेरी मोह होईल, तोही टाळा. प्रभुण्यांनी नारायणरावांच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं. ती पदवी लोकांनी द्यायची असते, स्वतःच्या स्लाइडवर लिहायची नसते. 'पंक्तिभेद'ही नको. कोश दोन्ही शब्द जवळजवळ ठेवतात, पण पंक्तिभेद म्हटलं की जातीवरून वेगळ्या बसवलेल्या पंगती आठवतात, आणि ती आठवण रजेच्या तक्त्यासाठी उसनी घेऊ नये.

सोमवारी एवढंच म्हणा: 'मी उंटावरून शेळ्या हाकणार नाही आणि पंक्तिप्रपंच करणार नाही. झालाच तर पान दाखवा.' 'हाताखाली' हा शब्द तेवढा घरी ठेवून जा, 'माझ्या टीममध्ये' पुरे. स्लाइडवर लिहिणार असाल तर 'पंक्तिप्रपंच' मधली 'ति' ऱ्हस्व. सुटा शब्द 'पंक्ती' दीर्घ, पण समासात बुद्धीचं बुद्धिबळ होतं तसं.