बिनलोडचा लॉस: हिस्टेरिसिस किती, एडी करंट किती?

प्रश्न: "लॅबमधल्या ३ केव्हीए ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट केली. सेकंडरी उघडी असूनही वॉटमीटर ६० वॉट दाखवतो. सर म्हणाले, हा हिस्टेरिसिस आणि एडी करंट लॉस. पण ते तयार कसे होतात, आणि यातला कुठला किती हे कळतं का?"

कळतं, आणि तुमच्या लॅबमध्येच कळेल. पण आधी ही उष्णता येते कुठून ते बघू.

लोखंडात डोमेन नावाचे बारीक बारीक भाग असतात. प्रत्येक भाग आपापल्या दिशेने चुंबकित झालेला असतो. वाइंडिंगमधला करंट वाढला की त्या दिशेचे डोमेन मोठे होतात, म्हणजे त्यांच्यामधल्या भिंती सरकतात. या भिंती सुरळीत सरकत नाहीत. धातूतली अशुद्धी आणि कणांच्या कडा इथे त्या अडकतात, जोर वाढला की एकदम पुढे उडी घेतात. अशा प्रत्येक उडीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि ती परत मिळत नाही.

आता H शून्यावर आणा. भिंती मूळ जागी परत जात नाहीत, त्यामुळे B शून्य होत नाही, थोडा उरतोच. तो घालवायला H उलट दिशेने द्यावा लागतो. म्हणून B-H आलेखात जाण्याची वाट वेगळी, येण्याची वेगळी, आणि मध्ये बंद लूप तयार होतो. चुंबकित करताना वाइंडिंगने कोअरला दिलेल्या ऊर्जेतली काही उतरताना परत मिळते. जी मिळत नाही ती म्हणजे लूपचं क्षेत्रफळ: दर घनमीटरला, दर सायकलला इतके ज्यूल. ५० हर्ट्झला हा लूप सेकंदाला ५० वेळा फिरतो, म्हणून हिस्टेरिसिस लॉस फ्रिक्वेन्सीच्या सम प्रमाणात.

एडी करंटचं कारण वेगळं. बदलता फ्लक्स सेकंडरीत व्होल्टेज निर्माण करतो, तसाच खुद्द लोखंडातही करतो, कारण लोखंडही वाहक आहे. फ्लक्सभोवती वाटोळे करंट फिरतात आणि रोधामुळे उष्णता होते. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की हे व्होल्टेज दुप्पट, आणि लॉस व्होल्टेजच्या वर्गात, म्हणजे चौपट. पत्र्याच्या जाडीचंही तसंच: जाडी निम्मी केली की दर किलोचा एडी लॉस पावपट. सीआरजीओ पत्रा ०.२७ मिमी इतका पातळ ठेवतात, त्यावर इन्सुलेशनचा थर देतात आणि रोध वाढावा म्हणून सुमारे ३ टक्के सिलिकॉन घालतात, ते याचसाठी. लॅमिनेशनने हिस्टेरिसिस मात्र कमी होत नाही. परीक्षेत हे हमखास चुकतं.

आता वेगळं काढायचं कसं. Bmax तोच ठेवला, तर एकूण लॉस असा मांडता येतो:

`P = a·f + b·f²`, म्हणजे `P/f = a + b·f`

Bmax तोच राहावा म्हणून V/f तोच ठेवायचा. लॅबमध्ये डीसी मोटरवर चालणारा अल्टरनेटर असेल तर काम सोपं आहे. एक्सायटेशनला हात लावू नका, फक्त वेग कमी करा. व्होल्टेज आपोआप त्याच प्रमाणात उतरतं. समजा असं आलं:

५० हर्ट्झ, २३० व्होल्ट: ६० वॉट, P/f = १.२
४० हर्ट्झ, १८४ व्होल्ट: ४४ वॉट, P/f = १.१

१० हर्ट्झला ०.१ चा फरक, म्हणून b = ०.०१ आणि a = १.२ − ०.५ = ०.७. तर ५० हर्ट्झला हिस्टेरिसिस ०.७ × ५० = ३५ वॉट, आणि एडी ०.०१ × २५०० = २५ वॉट. प्रत्यक्षात दोनच रीडिंगवर विसंबू नका. चार-पाच घ्या आणि P/f विरुद्ध f असा आलेख काढा. बिंदू सरळ रेषेत नसतील तर बहुधा V/f हललाय. वॉटमीटर लो पॉवर फॅक्टरचाच लावा, कारण बिनलोडला पॉवर फॅक्टर फार कमी असतो. कॉपर लॉस वजा करायचा राहिला तरी इथे फारसं बिघडत नाही. ०.८ अँपिअर आणि ०.४ ओहम धरले तर तो पाव वॉट भरतो. व्हीएफडीवरून सप्लाय घेऊ नका, त्याचा वेव्हफॉर्म चिरफाळलेला असतो आणि एडी फुगून दिसतो.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. पातळ सीआरजीओत वर्गाच्या सूत्राने काढलेला एडी लॉस मोजलेल्यापेक्षा बराच कमी येतो. डोमेनच्या भिंती सरकताना त्यांच्या आसपासच जे स्थानिक करंट उठतात, ते सूत्रात धरलेले नसतात. तुमच्या b मध्ये त्यातला काही भाग मिसळलेला असेल.

तरी दुरुस्तीच्या कामात हे विभाजन उपयोगी पडतं. a आधीइतकाच आणि b वाढलेला दिसला, तर पत्रे एकमेकांना शॉर्ट झाल्याचा संशय घ्या: कापताना राहिलेली बर, किंवा कोअर बोल्टचं इन्सुलेशन गेलेलं. बोल्ट आणि कोअर यांच्यात मेगर लावून पाहा. उलट a वाढला असेल, तर पत्रा वाकवताना किंवा ठोकताना त्यात ताण बसला आहे आणि नंतर अ‍ॅनीलिंग झालेलं नाही, असं समजा.