काटे दिवसात 22 वेळाच का जुळतात

स्पर्धा परीक्षेची तयारी नुकतीच सुरू केली असेल, तर ‘घड्याळाचा तासकाटा आणि मिनिटकाटा दिवसात किती वेळा जुळतात?’ या प्रश्नाचं उत्तर 24 लिहायचा मोह होईलच. तासाला एकदा काटे जुळणार, मग 24 तासांत 24 वेळा, असं वाटतं. पण मिनिटकाटा पुढे येईपर्यंत तासकाटाही थोडा सरकलेला असतो. मिनिटकाटा मिनिटाला 6 अंश फिरतो, तासकाटा अर्धा अंश. म्हणजे मिनिटकाटा दर मिनिटाला साडेपाच अंशांची आघाडी घेतो. पूर्ण 360 अंशांची आघाडी मिळायला 360 ÷ 5.5, म्हणजे साधारण साडेपासष्ट मिनिटं लागतात. म्हणून 12 तासांत 11 भेटी, दिवसात 22.

गोची होते ती 11 ते 1 या वेळेत. 11 नंतरची भेट थेट 12 वाजता होते आणि 12 नंतरची 1 वाजून 5 मिनिटांनी. या दोन तासांत एकच भेट, हे पक्कं लक्षात ठेवा.

परीक्षेत मात्र प्रश्न असा फिरवून येतो: सकाळी 8 ते दुपारी 2 या वेळेत काटे किती वेळा जुळतील? इथे सूत्र लावत बसू नका, वेळा लिहून काढा. 8:43, 9:49, 10:54, 12:00, 1:05. पाच झाल्या. पुढची 2:10 ला, म्हणजे वेळेबाहेर. सहा तास म्हणून सहा लिहिलंत की गुण गेला.

मध्यरात्रीचे 12 दोन्ही टोकांना मोजलेत तर 23 येतील. ती शेवटची भेट दुसऱ्या दिवसाची धरा.