पोह्यांचा ट्रे आणि डोशाची रांग

प्रश्न: आमचं महाबळेश्वरला ४० खोल्यांचं हॉटेल आहे. रविवारी नाश्त्याच्या बुफेला गर्दी तुंबते आणि पोहे संपतात. मांडणी कशी करावी?

उत्तर: आधी डोशाचा काउंटर बुफेच्या ओळीतून बाहेर काढा. तो मध्ये असला की डोशासाठी थांबलेल्यांमागे नुसती इडली हवी असलेलेही अडकतात. तो समोरच्या भिंतीला लावा, टेबल नंबर लिहून घ्या आणि डोसा वेटरकरवी पाठवा. तव्यावर एका वेळी दोन डोसे आणि चार मिनिटं धरली तर तासाला ३० होतात. ८० पाहुण्यांपैकी ५० जण पावणेनऊ ते पावणेदहात आले आणि बहुतेकांनी डोसा मागितला, तर तेवढ्या वेळापुरता दुसरा तवा लागेलच.

चहा-कॉफीही वेगळ्या टेबलावर ठेवा, कारण लोक तिथे पुन्हा पुन्हा येतात.

पोह्यांचा मोठा ट्रे काठोकाठ भरू नका. चेफिंग डिशमध्ये ते कोरडे पडतात, मग कोणी घेत नाही. अर्धा ट्रे ठेवा. भिजवलेले पोहे आणि कांद्याची फोडणी तयार असेल तर नवा घाणा दहा मिनिटांत येतो. म्हणून ट्रे रिकामा व्हायची वाट न पाहता, एक तृतीयांश उरला की किचनला सांगा. हे काम एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांवर सोडलं की कोणीच बघत नाही. नवे पोहे जुन्यांवर ओतू नका, ट्रेच बदला.