इन्स्टाग्रामच्या सुपरव्हिजनमध्ये पालकांना काय दिसतं, काय नाही

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची, दहावीत. इन्स्टाग्रामवर सुपरव्हिजन जोडून घेतलंय, एक तासाची मर्यादा आहे असंही दिसतं. तरी रात्री उशिरापर्यंत तेच चालू असतं, आणि मेसेज तर वाचताच येत नाहीत. मग याचा उपयोग काय? मेसेज वाचता येतील असं एखादं अ‍ॅप टाकावं का?

उत्तर:

आधी त्या एक तासाचं बघू. मी शाळांमध्ये पालकांसाठी या विषयाचे वर्ग घेते, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच सापडतो.

१३ ते १७ वयाच्या मुलांची खाती इन्स्टाग्राम आता आपोआप ‘टीन अकाउंट’मध्ये टाकतं. भारतात हे फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं. या खात्यात दिवसाची साठ मिनिटं भरली की अ‍ॅप बंद करण्याची आठवण येते. ती नुसती आठवण असते. बोटाने बाजूला सारली की रील पुढे चालू. रात्री १० ते सकाळी ७ चा ‘स्लीप मोड’ही तसाच. त्या वेळात नोटिफिकेशन गप्प राहतात आणि आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं. पण मुलीने स्वतः अ‍ॅप उघडलं तर ते उघडतं. तुम्हाला दिसलेली एक तासाची मर्यादा बहुधा हीच असावी.

खरं कुलूप तुम्हाला स्वतः लावावं लागतं. तुमच्या खात्यातून फॅमिली सेंटरमध्ये जा, मुलीचं खातं निवडा आणि वेळेच्या भागात दोन गोष्टी बदला. रोजच्या मर्यादेला आठवणीऐवजी ‘ब्लॉक’ करा, आणि रात्रीच्या वेळेलाही तसंच. मग वेळ संपल्यावर तिला अ‍ॅप वापरता येत नाही. जास्त वेळ हवा असेल तर ती तुमच्याकडे मागू शकते. परीक्षेच्या दिवसांत दुपारचे काही तास बंद ठेवायचे असतील तर तेही इथूनच जमतं.

हे केल्यावरही एक फट उरते, आणि ती मोठी आहे. सुपरव्हिजन खात्याला लागतं, मुलीला नाही आणि फोनलाही नाही. तिने वेगळा ईमेल आणि जन्मसाल २००३ टाकून दुसरं खातं काढलं असेल तर ते टीन अकाउंटही नसतं आणि तुमच्या यादीतही नसतं. वय चुकीचं सांगणारी खाती शोधण्याचा प्रयत्न इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा करते, पण त्यावर विसंबून राहू नका.

हे कळायचं कसं? दोन आकडे शेजारी ठेवा. समजा फॅमिली सेंटरमध्ये तिचा रोजचा सरासरी वेळ ५५ मिनिटं दिसतोय. आता तिचा फोन घेऊन, तिच्यासमोरच, अँड्रॉइड असेल तर ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोन असेल तर ‘स्क्रीन टाइम’ उघडा आणि त्याच आठवड्यातला इन्स्टाग्रामचा वेळ बघा. तिथे पावणेदोन तास दिसले, तर वरची पन्नास मिनिटं कुठून आली हे विचारायला हवं. फोन अख्ख्या अ‍ॅपचा वेळ मोजतो, सुपरव्हिजन एका खात्याचा. लगेच आरोप मात्र करू नका. आपल्याकडे एकच फोन आई, ताई आणि धाकटा भाऊ असे सगळे वापरतात, आणि ती पन्नास मिनिटं तुमच्या धाकट्याची निघू शकतात. ब्राउझरमधून लॉगिन केलेलं असेल तर तो वेळ अ‍ॅपच्या आकड्यात येणारच नाही, तो क्रोम किंवा सफारीच्या नावावर जमा होतो. म्हणून तोही आकडा बघा.

याच कारणाने रात्रीचं कुलूप मी इन्स्टाग्रामपेक्षा फोनवर लावायला सांगते. अँड्रॉइडवर गूगल फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइमचा डाउनटाइम, पासकोडसकट. झोपेच्या वेळी फोनच बंद झाला की खाती किती आहेत याने फरक पडत नाही. फक्त तो पासकोड घरातल्या वाय-फायचा पासवर्ड नसावा, तो सगळ्या घराला पाठ असतो. आणि कपाटात पडलेल्या जुन्या फोनचंही लक्षात ठेवा.

आता मेसेज. टीन अकाउंटमध्ये नियम असा आहे की मुलगी ज्यांना फॉलो करते किंवा ज्यांच्याशी आधीपासून जोडलेली आहे, तेच तिला मेसेज पाठवू शकतात. खातं मुळात प्रायव्हेट असतं, त्यामुळे नवीन माणसाला आत यायला तिने विनंती स्वीकारावी लागते. टॅग करणं आणि नाव घेणं यालाही अशीच मर्यादा आहे. मेसेजमधून नग्न छायाचित्र आलं तर ते धूसर होऊन येतं, आणि १६ च्या आतल्या मुलांना ही सोय तुमच्या परवानगीशिवाय बंद करता येत नाही. शिवीगाळ गाळणारी ‘हिडन वर्ड्स’ची सोयही असते, तिच्यात आपले शब्द वाढवता येतात. मुलीच्या खात्यावर दोघींनी बसून मराठी शिव्या रोमन लिपीत, दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांत, त्या यादीत घाला. हसू येईल, पण शाळेतली मुलं तशाच लिहितात.

थोडक्यात, फाटक उघडायची कडी मुलीच्याच हातात आहे. तिने अनोळखी माणसाला उलट फॉलो केलं की नियमाच्या दृष्टीने तो ओळखीचा झाला.

तुम्हाला दिसतं ते हे: ती कोणाला फॉलो करते, तिला कोण फॉलो करतं, तिने कोणाला ब्लॉक केलंय, आणि गेल्या सात दिवसांत तिचं कोणाकोणाशी मेसेजवर बोलणं झालं. फक्त नावं. मजकूर, फोटो, व्हॉइस नोट यातलं काहीच नाही. तिने काय शोधलं, काय सेव्ह केलं, कोणती रील किती वेळा पाहिली, हेही दिसत नाही.

पण या नावांच्या याद्या नीट वाचल्या तर बरंच कळतं. एकदा पाहून सोडायच्या नाहीत, दर रविवारी पाहायच्या. समजा ‘फॉलोइंग’मध्ये एक नवीन खातं आलं, के-पॉपचे व्हिडिओ एडिट करणारं. तिच्या मैत्रिणींपैकी त्याला कोणी ओळखत नाही. समाईक मित्र किती आहेत हे तुम्हाला दिसतं, ते शून्य आहे. त्या आठवड्यात तेच नाव मेसेजच्या यादीत आलं. पुढच्या रविवारी मेसेजच्या यादीतून ते गेलंय, फॉलोइंगमध्ये मात्र अजून आहे. इथे पालक सुटकेचा श्वास सोडतात, की चला, बोलणं थांबलं. थांबलं असेलही. पण ते व्हॉट्सअ‍ॅपवर, स्नॅपचॅटवर किंवा डिस्कॉर्डवर गेलं असण्याचीही तेवढीच शक्यता आहे. मुलांना फसवणारी माणसं ओळख इन्स्टाग्रामवर काढतात आणि बोलणं लवकरात लवकर दुसरीकडे नेतात. सात दिवसांची यादी एवढंच सांगते की इथे बोलणं झालं नाही. म्हणून नाव आलं त्याच आठवड्यात विचारा, आणि त्या एकाच नावाबद्दल विचारा: ‘हे एडिट्सवालं खातं कोणाचं, कुठे ओळख झाली?’ ‘तू दिवसभर कोणाशी बोलतेस’ या प्रश्नाला कुठल्याच पंधरा वर्षांच्या मुलीने आजवर सरळ उत्तर दिलेलं नाही.

पुढे कधी कोणी फोटोवरून धमकावतोय असं कळलं तर खातं डिलीट करायची घाई करू नका, पुरावा जातो. स्क्रीनशॉट ठेवा, पैसे देऊ नका, cybercrime.gov.in वर तक्रार करा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

कंटेंटच्या बाबतीत मात्र मला या साधनांचा फारसा भरवसा वाटत नाही. टीन अकाउंटवर संवेदनशील मजकुराची कडक पातळी आपोआप लागते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेटाने हॉलिवूडच्या चित्रपटांना मिळणाऱ्या पीजी-१३ या वयानुसारच्या दर्जाच्या धर्तीवर नियम आणत असल्याचं जाहीर केलं. पालकांना ‘विषय’ दिसतात, पण मुलीने स्वतः आवड म्हणून निवडलेले. तिने नृत्य आणि मांजरी निवडल्या असतील तर तुम्हाला नृत्य आणि मांजरीच दिसणार. तिच्यासमोर प्रत्यक्षात डाएटच्या रीलची रांग लागली असेल तर ती त्या यादीत येत नाही. मेटातच पूर्वी इंजिनिअर असलेले आर्तुरो बेहार आणि काही विद्यापीठीय संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये इन्स्टाग्रामची मुलांसाठीची ४७ साधनं तपासली. त्यातली ३० त्यांना निरुपयोगी ठरलेली किंवा अस्तित्वातच नसलेली आढळली, आणि नीट चालणारी ८. मेटाने हे निष्कर्ष नाकारले. कोण किती बरोबर हे बाजूला ठेवलं तरी घरात करण्यासारखं एक आहे: तिच्या शेजारी बसून तिलाच रील चाळू द्या. पाच मिनिटांत विषयांच्या यादीपेक्षा जास्त कळतं. नको असलेल्या रीलवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबायला सांगा. रांग फारच बिघडली असेल तर कंटेंटच्या सेटिंगमध्ये शिफारशी रीसेट करायची सोय आहे.

मेसेज वाचणाऱ्या अ‍ॅपबद्दल माझं मत स्पष्ट नको असं आहे. अशी अ‍ॅप्स अँड्रॉइडवर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी मागतात. म्हणजे पडद्यावर येईल ते सगळं त्यांना दिसतं, बँकेचा ओटीपीसुद्धा, आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरवर जातं. त्यात तिच्या मैत्रिणींचे मेसेजही जातात, त्यांच्या आईवडिलांना न विचारता. आणि एकदा तिला कळलं की ती मैत्रिणीच्या फोनवरून बोलायला लागेल, तिथे तर तुमच्या हातात नावांची यादीही नसेल.

शेवटचं, कारण ती १५ ची आहे. १६ पूर्ण झाल्यावर टीन अकाउंटची बंधनं तशीच राहतात, पण त्यातली बरीचशी सैल करायला पालकांची परवानगी लागत नाही. सुपरव्हिजन चालू असेल तर मात्र १६-१७ व्या वर्षीही बदल तुमच्याकडे मंजुरीला येतात. १८ ला ते आपोआप संपतं. तेव्हा ‘आता मोठी झाले, काढून टाकू या’ ही मागणी दहावीच्या निकालाच्या आसपास येईल असं धरून चाला. त्या वेळी सगळं काढण्याऐवजी वेळेची मर्यादा वाढवून द्या आणि मेसेजचे नियम आहेत तसे ठेवा.